ड्रायव्हिंग स्कूलच्या ‘केंद्रीय मान्यते’साठी दिलेले दीड लाख

चौदा वर्षे कंपनीची बस चालवल्यानंतर ऐरोलीत स्वतःचे लहान ड्रायव्हिंग स्कूल काढावे असे ठरवून मी गेल्या वर्षी २८० चौरस फुटांचा एक गाळा भाड्याने घेतला आणि एक जुनी हॅचबॅक विकत घेऊन तिला ड्युअल कंट्रोल बसवून घेतले. परवान्याची चौकशी करत असतानाच एका ओळखीच्या माणसाने स्वतःला ‘मोटार वाहन सल्लागार’ म्हणवणाऱ्या एका गृहस्थांशी माझी गाठ घालून दिली.

त्यांचे बोलणे ठाम होते. आरटीओचा जुना परवाना आता कालबाह्य झाला आहे, केंद्राने मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्रांची नवी व्यवस्था आणली आहे आणि तिची मान्यता घेतली की आपल्या विद्यार्थ्यांना आरटीओची चाचणीही द्यावी लागत नाही, असे त्यांनी सांगितले. पुरावा म्हणून २०२४ च्या मे-जूनमधल्या बातम्यांची कात्रणे त्यांनी मोबाईलवर दाखवली. ‘मान्यते’चे १,१०,००० आणि माझ्या व मेहुण्याच्या ‘अधिकृत प्रशिक्षक’ ओळखपत्रांचे प्रत्येकी २०,००० असे एकूण दीड लाख रुपये मी त्यांना दिले. त्यातले साठ हजार बँकेतून गेले आणि उरलेले रोख, ज्यांची पावती मी मागितली नाही.

तीन आठवड्यांनी सोनेरी मोहोर असलेले प्रमाणपत्र आणि दोन ओळखपत्रे घरी आली. पाटी रंगवणाऱ्याने मला विचारले, “दादा, परवाना नंबर काय टाकू?” मी प्रमाणपत्रावरचा आकडा दाखवला, तेव्हा तो म्हणाला, “इतर स्कूलच्या पाट्यांवर असा नंबर मी कधी रंगवला नाही.” त्याच रात्री मी दोन्ही ओळखपत्रे शेजारी ठेवून पाहिली. दोन्हींवर अनुक्रमांक एकच होता.

दुसऱ्या दिवशी आरटीओच्या खिडकीवर कळले ते असे. त्या माणसाने खऱ्या गोष्टीच्या आधारे खोटे विकले होते. मान्यताप्राप्त केंद्रांची तरतूद खरोखर आहे आणि ती १ जुलै २०२१ पासून लागू आहे. परंतु त्यासाठी हलक्या वाहनांच्या प्रशिक्षणासाठीसुद्धा किमान एक एकर जागा, चाचणीचा ट्रॅक आणि सिम्युलेटर लागतो. एक एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट, आणि माझा गाळा २८० चौरस फुटांचा. चाचणीची सूट अशा केंद्रांच्याच प्रशिक्षणार्थींना आहे. २०२४ च्या त्या बातम्यांत म्हटले तसे नियम बदललेले नाहीत, हे केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने तेव्हाच स्पष्ट केले होते. माझ्यासारख्या लहान स्कूलला आजही केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम २४ प्रमाणे नमुना १२ मध्ये अर्ज करून नमुना ११ मधला परवानाच घ्यावा लागतो. त्याचे शुल्क दहा हजार रुपये आहे आणि तो पाच वर्षांसाठी असतो. जागा, वाहन, वाहतूक चिन्हांचे तक्ते, प्रशिक्षणार्थींसाठी बाकडी आणि प्रथमोपचार पेटी या गोष्टींची तपासणी झाल्याशिवाय तो मिळत नाही. म्हणून गाळा न पाहता कुणी घरबसल्या ‘मान्यता’ देऊ लागला, तर तिथेच संशय यायला हवा होता. मला तो आला नाही.

अधिक नुकसान प्रशिक्षकाच्या बाबतीत झाले, कारण तिथे पैशांबरोबर वेळही गेला. कुठल्याही खाजगी संस्थेच्या ओळखपत्राने कुणी प्रशिक्षक होत नाही. नियमानुसार शिकवणारा माणूस किमान दहावी उत्तीर्ण असावा, त्याला पाच वर्षांचा वाहन चालवण्याचा अनुभव असावा आणि त्याच्याकडे शासकीय किंवा तंत्रशिक्षण मंडळाची मान्यता असलेल्या संस्थेचे मोटार मेकॅनिकचे प्रमाणपत्र असावे. आयटीआयचा ‘मेकॅनिक मोटर व्हेईकल’ हा अभ्यासक्रम दोन वर्षांचा आहे. सल्लागाराने मात्र तीन दिवसांच्या ‘ऑनलाईन कोर्स’चा कागद देऊन काम भागेल असे सांगितले होते. मी आणि मेहुणा दोघेही दहावी झालेले, गाडीवर पक्का हात असलेले. पण मेकॅनिकचे प्रमाणपत्र दोघांकडेही नाही. तेव्हा ज्या स्कूलसाठी मी भाडे भरत होतो, त्यात नियमाप्रमाणे शिकवू शकेल असा एकही माणूस नव्हता.

सल्लागाराचा फोन तेव्हापासून बंद आहे. पोलीस ठाण्यात मी बँकेच्या व्यवहाराची नोंद, ओळखपत्रे आणि संभाषणाचे स्क्रीनशॉट जोडून तक्रार दिली आहे. रोख रकमेच्या बाबतीत दाखवण्यासारखे माझ्याकडे काही नाही. एसटीच्या कार्यशाळेतून निवृत्त झालेले, आयटीआय उत्तीर्ण आणि वीस वर्षे परवाना बाळगणारे एक काका आता प्रशिक्षक म्हणून काम करायला तयार झाले आहेत. त्यांची मूळ प्रमाणपत्रे मी स्वतः आयटीआयमध्ये जाऊन पडताळून घेतली आणि मागच्या सोमवारी नमुना १२ चा अर्ज माझ्या हाताने भरला. गाळ्यावरची पाटी अजून कोरी आहे.