डेल लॅपटॉपचा चार्जर गेला: ओरिजिनल, कंपॅटिबल की टाइप-सी?

गोल पिनचा ६५ वॉटचा चार्जर लागणारा डेल लॅपटॉप आणि बंद पडलेला चार्जर, एवढं गृहीत धरू. समोर तीन पर्याय असतात: ओरिजिनल, दुकानदार 'कंपॅटिबल' म्हणून देतो तो, आणि लॅपटॉपला टाइप-सीवर चार्जिंगची सोय असेल तर टाइप-सी चार्जर.

जुन्या चार्जरच्या लेबलवर आउटपुटसमोर १९.५ व्होल्ट, ३.३४ अँपिअर असं छापलेलं असतं. नवा घेताना व्होल्ट तेच हवेत. अँपिअर जास्त असले तरी बिघडत नाही, कारण लॅपटॉप लागेल तेवढाच करंट ओढतो. ४.६२ अँपिअरचा, म्हणजे ९० वॉटचा चार्जर बिनधास्त चालतो. कमी अँपिअरचा मात्र हळू पडतो. समजा काम करताना लॅपटॉप २५ वॉट खातोय आणि बॅटरी ४२ वॉट-अवरची आहे. ६५ वॉटच्या चार्जरमधून बॅटरीसाठी ४० वॉट उरतात, म्हणजे साधारण तासाभराचं काम. ४५ वॉटच्या चार्जरमधून उरतात २०, म्हणजे वेळ दुप्पट. (शेवटच्या टप्प्यात चार्जिंग मुद्दाम मंदावतं, म्हणून प्रत्यक्षात दोन्हीकडे थोडा वेळ जास्तच लागतो.)

पण डेलच्या बाबतीत नुसते आकडे जुळून भागत नाही. गोल पिनच्या मधोमध एक बारीक सुई असते. वीज बाहेरच्या भागातून जाते. ही सुई चार्जरमधल्या छोट्या चिपची माहिती लॅपटॉपला देते: मी डेलचा, इतक्या वॉटचा. स्वस्त कंपॅटिबलमध्ये ही चिप नसते किंवा नीट बोलत नाही. मग सुरू करताना स्क्रीनवर 'The AC power adapter wattage and type cannot be determined' असा संदेश येतो. लॅपटॉप चालतो, पण बॅटरी चार्ज होत नाही आणि प्रोसेसरचा वेगही तो स्वतःच खाली आणतो. टास्क मॅनेजरमध्ये वेग १ गिगाहर्ट्झच्याही खाली अडकलेला दिसला, तर विंडोज पुन्हा टाकण्याआधी चार्जर बघा. बायोसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधी उघडणाऱ्या लॅपटॉपच्या मूळ सेटिंगमध्ये, ही सूचना बंद करता येते, पण त्याने फक्त संदेश जातो, चार्जिंग सुरू होत नाही. सुई वाकली किंवा वायर पिनजवळ तुटली की ओरिजिनल चार्जरही हेच दाखवतो, तेव्हा लगेच 'डुप्लिकेट दिला' म्हणून दुकानदाराशी भांडू नका.

हे झालं हळूपणाचं. धोका चार्जरच्या आत असतो. २३० व्होल्टची बाजू आणि लॅपटॉपची बाजू एकमेकांपासून वेगळी ठेवायची असते. त्या दोहोंमध्ये एक खास सुरक्षा-कपॅसिटर असतो, जो खराब झाला तरी शॉर्ट होणार नाही असा बनवलेला असतो. पैसे वाचवायला तिथे साधा कपॅसिटर बसवला आणि तो शॉर्ट झाला, तर घरातली वीज थेट लॅपटॉपच्या बॉडीपर्यंत येऊ शकते. दोन पिनांच्या प्लगवर धातूच्या बॉडीला हलक्या मुंग्या येणं चांगल्या चार्जरमध्येही घडतं, आणि तीन पिनांच्या, अर्थिंग असलेल्या सॉकेटवर ते थांबायला हवं. तिथेही झटका जाणवला तर तो चार्जर पुन्हा लावू नका. पिन सैल बसत असेल तर तिथे ठिणग्या पडून लॅपटॉपचं सॉकेट वितळतं, आणि मग चार्जरवर वाचवलेले पैसे दुरुस्तीत जातात.

टाइप-सीची गोष्ट वेगळी. तिथे चार्जर आणि लॅपटॉप पीडी नावाच्या ठरलेल्या पद्धतीने आपसात व्होल्ट ठरवतात, त्यामुळे दुसऱ्या चांगल्या कंपनीचा चार्जरही बहुतेक वेळा सरळ चालतो. लॅपटॉपला सहसा २० व्होल्ट लागतात. मोबाइलचा २० वॉटचा पीडी चार्जर सहसा ९ व्होल्टपर्यंतच जातो, म्हणून लॅपटॉप त्यावर 'slow charger' म्हणतो किंवा चार्जच होत नाही. केबलकडेही लक्ष द्या: साधी टाइप-सी केबल ३ अँपिअरची, म्हणजे २० व्होल्टवर ६० वॉटच. पूर्ण ६५ वॉट हवे असतील तर ५ अँपिअरची केबल लागते. अर्थात त्या ५ वॉटसाठी कुणी फार जीव काढू नये.

निवडायचं झालं तर टाइप-सी चार्जिंग असलेल्या लॅपटॉपला ६५ वॉटचा चांगला पीडी चार्जर घ्यावा. नकली गोल पिनपेक्षा तो कधीही बरा. फक्त गोल पिन असेल तर आधी ओरिजिनल. कंपॅटिबल घ्यायचाच असेल तर लॅपटॉप दुकानात न्या, चार्जर लावून सुरू करताना F2 दाबा आणि बायोसमध्ये अडॅप्टरसमोर ६५ वॉट दिसतंय का ते बघा. 'Unknown' दिसलं तर तिथेच परत द्या. लेबलवर बीआयएस या सरकारी मानक संस्थेची खूण आणि R- ने सुरू होणारा आठ आकडी नंबर हवा. तो बीआयएस केअर अ‍ॅपमध्ये टाकला की नोंदणी कोणाच्या नावावर आहे ते कळतं. लेबलवरचं नाव अ‍ॅपमधल्या नोंदीत कुठेच नसेल, तर किंमत कितीही कमी असली तरी तो घेऊ नये.