विलापिकेच्या दोन वाटा: मिल्टन आणि हार्डी

इंग्रज कवी मिल्टनची ‘लिसिडस’ (1637) आणि हार्डीची ‘द व्हॉइस’ (1912) या दोन्ही विलापिका, म्हणजे मृताच्या शोकात लिहिलेल्या कविता असल्या, तरी शोकाला त्या वेगवेगळ्या ठिकाणी नेतात. समुद्रात बुडालेल्या सहाध्यायी एडवर्ड किंगसाठी मिल्टन कवीला आणि मृताला मेंढपाळ कल्पून शोक मांडण्याची जुनी काव्यरीत स्वीकारतो. निसर्गाला रडवतो, जलदेवतांना जाब विचारतो, फुले मागवतो, आणि प्रेतच सापडलेले नसल्याने ती फुले निव्वळ कल्पनेतली आहेत हे स्वतःच कबूल करतो. त्यानंतरच ‘आता रडू नका’ हे वळण येते, म्हणून ते सांत्वन मला कमावलेले वाटते.

हार्डीपाशी अशी रीत नाही. नोव्हेंबर 1912 मध्ये वारलेल्या पत्नीची हाक त्याला ऐकू येते, पण तो वाराही असू शकेल, अशी शंका त्याला लगेच येते. पहिली तीन कडवी झुलत्या, लांब ओळींत चालतात. शेवटच्या कडव्यात मात्र ओळी आखूड होतात, लय अडखळते आणि कवीही अडखळतच पुढे सरकतो. इथे सांत्वनाचा नकार विधानातून नव्हे, तर मोडलेल्या छंदातून कळतो, आणि स्त्रीची हाक कवितेच्या अंतीही थांबत नाही.