बॅकग्राउंड दरवेळी ॲपमध्ये बदलायचं, की एकच मास्टर फाइल ठेवायची?

मामेबहिणीच्या कोल्हापुरी चपलांचे फोटो मी काढते. दिवाळीच्या आधी 18 जोड झाले, जानेवारीत आणखी 11. दोन्ही वेळी फोनवरच्या ॲपने मागची चादर काढून फिकट क्रीम रंग टाकला. सुटे पाहिले तर सगळे फोटो छान होते. एकाच पानावर 29 फोटो लावले, तेव्हा मात्र दोन वेगवेगळ्या दुकानांचा माल वाटायला लागला. दुसऱ्या खेपेला क्रीम रंग अंदाजाने निवडला होता, तो जरा पिवळा झाला. तो फरक सगळ्यात सोपा होता. खरी गडबड चपलेच्या रंगात, सावलीत आणि आकारात होती.

तुम्ही हेच ठरवत असाल, तर दोन रस्ते आहेत. पहिला म्हणजे ॲपमध्ये फोटो टाकायचा, बॅकग्राउंड बदलायचं आणि तयार जेपीजी घ्यायची. एका फोटोला मिनिटभर पुरतं. दुसरा रस्ता म्हणजे कापलेली चप्पल पारदर्शक पीएनजी म्हणून वेगळी ठेवायची आणि `GIMP`सारख्या प्रोग्रॅममधल्या एकाच मास्टर फाइलमध्ये, म्हणजे एकावर एक लेयर ठेवलेल्या फाइलमध्ये, बसवायची. यात मला सुरुवातीला फोटोमागे दहा मिनिटं लागली.

ॲपची अडचण अशी की जेपीजीत पारदर्शकता राहत नाही, म्हणून चप्पल, सावली आणि क्रीम रंग एकत्र चिकटून जातात. पुढे बॅकग्राउंड बदलावंसं वाटलं तर पुन्हा कापायला बसा. शिवाय काही ॲप सावली स्वतःच टाकतात. माझ्या दिवाळीच्या फोटोंत ती उजवीकडे गडद पडली होती, जानेवारीत सरळ खाली पुसट.

मास्टर फाइलमध्ये हे सगळं एकदाच ठरतं. माझी फाइल 2000 बाय 2000 पिक्सेलची आहे. सगळ्यात खाली `#F4F0E8` हा रंग, त्यावर 30 टक्के अपारदर्शकतेची धूसर सावली आणि वर चपलेचा लेयर. 300 आणि 1700 पिक्सेलवर आडव्या गाइड ओढल्या आहेत. टाच खालच्या रेषेला आणि टोक वरच्या रेषेला टेकलं की प्रत्येक जोड सारखाच मोठा दिसतो. लेडीज 5 आणि जेंट्स 9 यांतला फरक फोटोत दाखवत बसू नका, त्यासाठी मापांचा तक्ता आहे.

रंगाचं काम मात्र कापण्याआधी करावं लागतं, मग रस्ता कुठलाही असो. फोन आपोआप व्हाइट बॅलन्स ठरवतो आणि निळ्या चादरीवर ठेवलेलं तेलपाण्याचं चामडं त्याला वेगळं दिसतं, पांढऱ्या कागदावरचं वेगळं. म्हणून फ्रेमच्या कोपऱ्यात ग्रे कार्ड ठेवा. `Colors > Levels` मध्ये करड्या बिंदूचा ड्रॉपर घेऊन त्या कार्डावर टिचकी मारा, आणि मगच चप्पल कापा. आधी कापली तर कार्डही गेलं, मग टॅन रंग नजरेने जुळवत बसावं लागतं.

कापताना अंगठ्याच्या आतली फट मोठी करून बघा. अंगठा आणि पट्टा यांच्यामधल्या चिंचोळ्या जागेत ॲप हमखास जुनी चादर सोडतं. माझ्या सहा फोटोंत तिथे निळा ठिपका राहिला होता आणि वेणीच्या कडेलाही निळसर झाक होती. क्रीमवर ती मळल्यासारखी दिसते. कड एक-दोन पिक्सेल आत घेतली की बहुतेक झाक जाते.

मास्टर फाइलनेही न सुटणारी गोष्ट म्हणजे चपलेवरचाच उजेड. दिवाळीत खिडकी डावीकडे होती, जानेवारीत उजवीकडे. चामड्यावरची चमक एका बाजूला आणि सावलीही त्याच बाजूला, हे डोळ्याला लगेच खटकतं. समोरून काढलेला जोड आडवा उलटवला तर डावी-उजवी चप्पल आपापल्या जागी राहते आणि उजेड फिरतो. पण तळावर शिक्का असेल तर अक्षरं उलटी होतात. शिक्क्याचे चार जोड मला पुन्हा काढावे लागले. फोन एकदा फूटभर अंतरावर आणि एकदा तीन फुटांवर धरला असेल तरी तेच. जवळून काढलेल्या चपलेचं टोक फुगतं, ते नंतर सरळ होत नाही.

सगळा माल एका दिवशी, एकाच खिडकीपाशी काढणार असाल, तर ॲप पुरे. फक्त रंगाचा कोड लिहून ठेवा आणि आपोआप पडणारी सावली बंद करा. ॲमेझॉनच्या मुख्य फोटोलाही ॲप चालतं, कारण तिथे बॅकग्राउंड शुद्ध पांढरंच, म्हणजे 255, 255, 255 लागतं आणि वस्तूने 85 टक्के फ्रेम भरावी लागते. नियम त्यांनीच ठरवून दिलेत.

पण दर सणाला नवे जोड येणार असतील आणि जुने फोटोही पानावर राहणार असतील, तर मास्टर फाइलच करा. मी आमचे 29 फोटो मूळ फाइलींवरून पुन्हा कापले, त्यात दोन रविवार गेले. मार्चमध्ये 7 जोड आले, ते एका संध्याकाळी झाले. अपलोड करण्याआधी सगळे फोटो छोटे करून एका पानावर मांडले. वेगळा उठून दिसला तो एकच जोड, आणि त्याची टाच रेषेच्या खाली गेली होती.