इक्विटीची किंमत: सीएपीएम धरायचं की लाभांशवाढीचं सूत्र?

रत्नागिरीजवळची, आंब्याचा पल्प आणि गोठवलेली मासळी विकणारी, शेअर बाजारात नोंदलेली एक कंपनी कल्पनेने घेऊ. तिला नवं शीतगृह बांधायचंय आणि त्यावर वर्षाला 10% परतावा अपेक्षित आहे. बांधावं की नाही हे भांडवलाच्या किमतीवर ठरेल. ती किंमत काढण्यातला वादाचा भाग म्हणजे इक्विटी, म्हणजे भागधारकांना आपल्या पैशावर हवा असलेला परतावा.

कर्जाचं आधी उरकू, पण कोकणात तिथेही एक खाच आहे. वर्षाचं व्याज भागिले ताळेबंदातलं कर्ज, असा दर बरेच जण काढतात. पल्पवाल्याची कॅश क्रेडिट एप्रिल-मेमध्ये फळ घेताना फुगते आणि 31 मार्चला, माल विकून झाल्यावर, तळाला असते. समजा व्याज 1.8 कोटी आणि मार्चअखेरची बाकी 12 कोटी. दर 15% दिसतो. सरासरी बाकी 18 कोटी धरली की तो 10% वर येतो, आणि बँकही आज नवं कर्ज त्याच दराने देते. तोच दर धरावा. 22% चा सवलतीचा दर निवडलेल्या कंपनीचा कर अधिभार-उपकरासह 25.168% होतो आणि व्याजावर तेवढा कर वाचतो, म्हणून करोत्तर किंमत 10 × (1 − 0.25168) म्हणजे सुमारे 7.5%. जुना तोटा पुढे ओढत असेल आणि कर भरायचाच नसेल, तर ही बचत तूर्त विसरावी.

आता लाभांशवाढीचं सूत्र: पुढचा लाभांश भागिले भाव, अधिक वाढीचा दर. बीटा, म्हणजे बाजार हलला की शेअर किती हलतो याचं माप, लागत नाही; बाजाराचा अधिमूल्य दर, म्हणजे सरकारी रोख्यापेक्षा शेअर बाजारातून हवा असलेला जादा परतावा, तोही लागत नाही, म्हणून ते मोहात पाडतं. भाव 240 रुपये, गेल्या पाच वर्षांचे लाभांश 5, 5.50, 3, 5 आणि 6. मधला 3 म्हणजे 2021 च्या तौक्तेसारख्या वादळाने ऐन मोसमात बाग झोडपलेलं वर्ष समजा. पहिल्या वर्षापासून मोजलं तर वाढ 4.7% आणि इक्विटीची किंमत 7.3%. एक वर्ष पुढून सुरुवात केली तर वाढ 2.9% आणि किंमत साधारण 5.5%. आणखी एक वर्ष पुढे गेलं, म्हणजे वादळाच्या वर्षापासून, तर वाढ 41%! त्याऐवजी नफ्यातला राखलेला 70% हिस्सा गुणिले निव्वळ मालमत्तेवरचा 14% परतावा घेतला तर वाढ 9.8% आणि किंमत 12.5%. कंपनी तीच आणि भावही तोच.

माझ्या लेखी निकाल इथेच लागतो. सुरुवातीचं वर्ष कोणी निवडलं यावर उत्तर ठरतं, आणि निवडणाऱ्याला शीतगृह हवंच असेल तर 7.3% सहज निघतं. ते चूक आहे हे ओळखायची सोपी खूण: तारण घेऊन बसलेली बँक 10% मागते, मग तिच्यामागे रांगेत उभा भागधारक 7.3% वर कसा राहील? ही तुलना करपूर्व 10% शी करावी, 7.5% शी नव्हे. करातली बचत कंपनीला मिळते, बँकेला नाही.

सीएपीएम म्हणजे सरकारी रोख्याचा दर अधिक बीटा गुणिले अधिमूल्य. तेही निर्दोष नाही. कमी व्यवहार होणाऱ्या शेअरचा रोजच्या भावांवरून काढलेला बीटा 0.45 येऊ शकतो. शेअर काही दिवस हलतच नाही, निर्देशांक मात्र हलतो, म्हणून दोघांचा संबंध आहे त्याहून कमी दिसतो. सरकारी दहा वर्षांचा रोखा 7% आणि अधिमूल्य 6.5% धरलं तर उत्तर 9.9%, म्हणजे पुन्हा बँकेच्या खाली. पण इथे दुखणं कुठे आहे ते कळतं आणि उपायही आहे. याच धंद्यातल्या चार-पाच कंपन्यांचे साप्ताहिक बीटा घ्या, त्यांतला कर्जाचा परिणाम काढा (समजा सरासरी 0.75 उरली) आणि आपलं कर्ज-इक्विटी प्रमाण 0.5, कर वजा जाता उरणाऱ्या 0.748 ने गुणून, चढवा: 0.75 × (1 + 0.748 × 0.5) = 1.03. इक्विटीची किंमत 13.7%. बीटा 0.9 ते 1.15 मध्ये कुठेही धरला तरी उत्तर साधारण 12.9 ते 14.5% मध्येच राहतं. अधिमूल्य 6.5 की 7, यावर मतभेद राहतील. तरी ही चूक मला पेलवणारी वाटते.

बाजारभावाने दोन तृतीयांश इक्विटी, एक तृतीयांश कर्ज. सीएपीएमने भारित किंमत 11.6% येते आणि 10% चं शीतगृह नापास होतं. 7.3% धरून ती 7.4% येते आणि तेच शीतगृह पास होतं.

लाभांश वर्षानुवर्षं संथपणे वाढवणारी, मुरलेली कंपनी असेल तर लाभांशवाढीचं सूत्र वापरायला माझी हरकत नाही. एरवी ते उलटं चालवावं. 13.7% आणि 240 रुपये घालून वाढ काढली तर 10.9% येते, म्हणजे राखलेल्या नफ्याला झेपणाऱ्या 9.8% पेक्षा जास्त, तीही कायमची. मग भाव तरी चढा आहे, नाहीतर बीटासाठी निवडलेल्या कंपन्या जास्त जोखमीच्या आहेत; ती यादी पुन्हा तपासावी.