भाकरीवर मोजून तूप, की चटणीवर तेल? आप्पांना पत्र

टिळकवाडी, बेळगाव

ती. आप्पांस,
शि. सा. न. वि. वि.

दादाने रिपोर्टचा फोटो पाठवला. एकूण कोलेस्टेरॉल 236, त्यातलं वाईट, म्हणजे एलडीएल, 162. डॉक्टरांनी आधी तीन महिने खाण्यात बदल करून बघू म्हटलंय आणि तुम्ही आईला म्हणालात, तूप बंद म्हणजे जेवणच बंद. तुम्हाला माहीत आहे, गेल्या वर्षी माझंही एलडीएल 148 आलं होतं. तेव्हा मी आधी तीन महिने तूप मोजून खाल्लं आणि पुढचे तीन महिने भाकरीवरचं तूप सोडून चटणी-तेल धरलं. दोन्ही करून पाहिलंय म्हणून लिहिते. ठरवायचं तुम्हीच.

तूप मोजून खाण्याच्या बाजूने पुष्कळ बोलता येतं. आपलं तूप आपल्या म्हशीचं, आईने कढवलेलं. त्यात भेसळ नाही, डालडा तर नाहीच. सपाट चमचाभर तूप, म्हणजे 5 ग्रॅम, गरम भाकरीवर फिरवलं तर कुठल्याही डॉक्टरांची फारशी हरकत नसावी. चव तीच राहते, ताटात काही बदललंय असंही वाटत नाही. ज्याच्याकडून हे मोजमाप रोज पाळलं जाईल, त्याने खुशाल हेच करावं.

माझ्याकडून ते पाळलं गेलं नाही आणि तुमच्याकडूनही जाईल असं वाटत नाही. कारण आपल्याकडची थंडी. संक्रांतीला मी घरी आले होते तेव्हा तुपाची वाटी स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवून पाहिली, ते तुम्हाला सांगितलं नव्हतं. दुपारी तुम्ही दोनच चमचे घेतलेत, तसं म्हणालातही, आणि ते खरंच होतं. पण थिजलेलं तूप चमच्यावर ढिगासारखं उभं राहतं. वाटी 26 ग्रॅमनी हलकी झाली होती, म्हणजे एकेक चमचा 13 ग्रॅमचा. उन्हाळ्यात पातळ तूप चमच्याच्या काठाशी थांबतं, थंडीत थांबत नाही. शिवाय ज्वारीची गरम भाकरी ते क्षणात पिऊन टाकते; वर काही दिसेनासं होतं आणि हात पुन्हा वाटीकडे जातो. माझंही तेच होत होतं. वाटी वितळवून घ्यायची, सपाट चमचा ठेवायचा, दुसऱ्यांदा वाढायचं नाही, ही रोजची राखण मला फार जाचायची. तीन महिन्यांनी तपासलं तर 148चं 143 झालं होतं. माझा निर्णय खरा तिथेच झाला.

त्या 26 ग्रॅमचा हिशेबही सांगते. तुपात साधारण साठ टक्के सॅच्युरेटेड फॅट असतं, म्हणजे त्या एका जेवणात सोळा ग्रॅमच्या आसपास. एलडीएल वाढलेल्या आणि दिवसाला 2000 कॅलरी खाणाऱ्या माणसाला दिवसभरात 13 ग्रॅमच्या आसपास थांबायला सांगतात. दूध, दही, चहा, रविवारचं मटण अजून यायचंच आहे. रक्तातलं एलडीएल लिव्हर उचलून घेतं, पण सॅच्युरेटेड फॅट जास्त झालं की उचलायचं हे काम मंदावतं आणि एलडीएल रक्तात फिरत राहतं. तूप शुद्ध असलं तरी याच्यात फरक पडत नाही. आजोबांनी जन्मभर तूप खाल्लं, हे तुम्ही म्हणाल. खाल्लं खरं, पण ते दिवसभर नांगरामागे चालत होते, आणि त्यांचं रक्त कधी कुणी तपासलं नव्हतं.

आता चटणी-तेल. हे काही माझं शहरातलं खूळ नाही. शेंगाची चटणी, तिच्यात बोटाने केलेला खळगा आणि खळग्यात कच्चं शेंगतेल, हे तुम्हीच मला शेतावर खायला शिकवलंत. सपाट चमचाभर शेंगतेलात सॅच्युरेटेड फॅट एक ग्रॅमच्याही आत असतं. दोन चमचे चटणीतलं धरलं तरी सगळं मिळून तीन ग्रॅमच्या आतच थांबतं. आणि तेल थंडीत तुपासारखं चमच्यावर ढीग करून बसत नाही, खळगा भरला की भरला. मोजायची कटकटच राहत नाही.

मी त्यात एक बदल केला: शेंगा कमी, जवस जास्त. कानडी शेजारणी जिला अगसी हिंडी म्हणतात तीच ही चटणी. वाटीभर जवस मंद आचेवर भाजायचे. तडतड सुरू होऊन ओसरायला लागली की लगेच उतरवायचे, नाहीतर कडवटपणा येतो. गार झाल्यावर अर्धी वाटी भाजलेले शेंगदाणे, आठ पाकळ्या लसूण, जिरं, ब्याडगी मिरचीची पूड आणि बेताचं मीठ घालून भरडायचं. जवस भरडलेच पाहिजेत, अख्खे खाल्ले तर बरेचसे तसेच बाहेर पडतात. त्यातला चिकट तंतुमय भाग पोटात पित्तरसाला धरून बाहेर नेतो. मग नवा पित्तरस करायला लिव्हरला रक्तातलंच कोलेस्टेरॉल वापरावं लागतं. पाणी मात्र भरपूर प्यायचं.

याचीही उणी बाजू आहे. पहिले आठ दिवस भाकरी कोरडी वाटते, ठसका लागतो. मी बरोबर ताक घ्यायचे, साय काढलेल्या दुधाच्या दह्याचं. भरडलेले जवस लवकर खवट होतात, म्हणून आठवडाभर पुरेल एवढीच चटणी करून घट्ट झाकणाच्या बरणीत थंड जागी ठेवायची. ऑइलपेंटसारखा वास आला तर टाकून द्यायची. आणि तेल म्हणजे औषध नव्हे. ते तुपाच्या जागी घ्यायचं. तुपावर आणखी तेल घेतलं तर वजन वाढेल आणि हाती काही लागणार नाही. ब्लडप्रेशरसाठी मीठही जपा.

या दुसऱ्या तीन महिन्यांनी माझं एलडीएल 127 आलं. त्या दिवसांत मी संध्याकाळी चालायलाही लागले होते, त्यामुळे सगळं श्रेय चटणीला देता येणार नाही. तुमचं शरीर वेगळं, वय वेगळं. कदाचित एवढं उतरणार नाही आणि डॉक्टर गोळी देतील. दिली तर घ्या, चटणी सुरू आहे म्हणून टाळू नका. पण तुम्हाला जवळून ओळखते म्हणून वाटतं, रोज तुपाच्या वाटीशी झगडण्यापेक्षा हे तुम्हाला सोपं जाईल. सणाला पुरणपोळीवर तूप घ्याच, तेवढं मी आईलाही सांगितलंय.

कुंद्याबद्दल थोडंच लिहिते. तो सगळा खवाच. मी येताना दर वेळी पाव किलो आणायचे, ते आता आणणार नाही. गोकाकचं करदंट आणीन, त्यात निदान काजू-बदाम-डिंक असतो. गूळ-तूप त्यातही आहे, म्हणून एकच तुकडा.

पुढची तपासणी त्याच लॅबमध्ये, सकाळी उपाशीपोटी करा, म्हणजे आकडे शेजारी शेजारी ठेवून बघता येतील.

रविवारी पहिल्या बसने येते. आईला म्हणावं, चिकोडीच्या बाजारातून अर्धा किलो जवस आणून ठेव आणि दोनदा चाळ, मागच्या खेपेला बारीक खडे निघाले होते.

तुमची,
ताई