आठ किलोवॅटचा डिझेल हीटर आणि गेलेले ₹54,000

आकडे आधीच सांगून टाकतो, म्हणजे खालची चिडचिड कशापायी आहे ते कळेल. हीटर ₹38,500, "हाय अल्टिट्यूड किट" ₹6,000, फिटिंग ₹9,500. एकूण ₹54,000. पावती मिळाली फक्त ₹18,000 ची, तीही "कार ॲक्सेसरीज" एवढंच लिहिलेली. बाकीचे पैसे दुकानाच्या नाही, मालकाच्या भावाच्या खात्यावर यूपीआयने गेले. हो, कळतंय. तेव्हा कळायला हवं होतं.

गाडी पुण्याची, कॅम्पर केलेली ट्रॅव्हलर. सप्टेंबरअखेर मनाली-लेह रस्त्यानं जायचं होतं. विक्रेता म्हणाला, "जर्मन मशीन आहे सर, 8 किलोवॅट, आणि रात्रभरात फक्त 300 मिली डिझेल."

हे वाक्य परत वाचा. आम्ही वाचलं नाही. एक लिटर डिझेलमध्ये साधारण 10 किलोवॅट-तास ऊर्जा असते. त्यातली पाऊण एक गाडीत येते, उरलेली धुरासोबत बाहेर जाते. म्हणजे खरोखर 8 किलोवॅट उष्णता हवी असेल, तर तासाला लिटरभराहून जास्त डिझेल जाळावं लागतं. आणि 300 मिलीत आठ तास काढायचे, तर सरासरी तीनशे वॅटसुद्धा धड मिळत नाहीत, इस्त्रीएवढीही नाही. एकाच तोंडानं माणूस दोन्ही सांगत होता आणि आम्ही मान डोलवत होतो. मीटर, वायर, बॅटरी सगळं कळणारी माणसं आम्ही, पण चौथीतला गुणाकार केला नाही.

त्याहून लाज वाटते ती पंपाची. फिटिंगच्या दिवशी डिझेलचा छोटा डोसिंग पंप आमच्याच हातात दिला होता. चालू हीटरमध्ये टकटक असा आवाज येतो तो याचाच. त्याच्या अंगावर छापलं होतं: 12V, 22ml. याचा अर्थ हजार ठोक्यांना 22 मिली. कंट्रोलरवर जास्तीत जास्त वेग दिसतो 5.5 हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला साडेपाच ठोके, तासाला 19,800. गुणाकार करा: तासाला 436 मिली. म्हणजे डिझेलमधून 4.4 किलोवॅट, आणि गाडीत पोहोचणार सव्वातीनच्या आसपास. पंप जेवढं डिझेल देतो त्याहून जास्त उष्णता कुठलाही डबा देऊ शकत नाही, मग त्यावर 8 छापा की 80. सगळा खोटेपणा त्या पंपावर लिहिलेला होता. पंप पाच मिनिटं हातात होता आणि आम्ही विचारत होतो, "आवाज फार करतो का हो?"

परत आल्यावर मोजूनही पाहिलं. पंपाच्या पुढची नळी काढायची, कंट्रोलरमधून प्रायमिंग, म्हणजे हीटर न पेटवता नुसता पंप चालवणं, सुरू करायचं, 200 ठोके मोजायचे आणि आलेलं डिझेल इंजेक्शनच्या सिरिंजमध्ये ओढून बघायचं. 4.4 मिली यायला हवं, 4.2 आलं. दहा रुपयांची सिरिंज. घेण्याआधी दुकानातच करा, दुकानदाराचा चेहराही बघायला मिळेल.

सव्वातीन किलोवॅट तसे कमी नाहीत, चांगली पत्रा-फोम लावलेली गाडी तेवढ्यात ऊबदार राहते. सर्वांत हळू, 1.6 हर्ट्झवर तासाला 127 मिली, म्हणजे आठ तासांच्या रात्रीला एक लिटर. खरा खर्च हा. पण मग तेवढ्याचेच पैसे घ्या ना. हाच डबा, हाच पंप, दुसऱ्या दुकानात ₹14,200 ला ठेवलेला आम्ही नंतर पाहिला. आणि जर्मन? खऱ्या युरोपीय हीटरच्या प्लेटवर मॉडेल, सिरियल नंबर आणि गोलात E व शेजारी देशाचा आकडा असतो, 1 म्हणजे जर्मनी. आमच्या प्लेटवर फक्त चमकदार स्टिकर होता, नखानं निघणारा.

आता पैशांपलीकडची गोष्ट, जिच्यामुळे हे लिहायला घेतलं.

हीटरमध्ये एकाच मोटरवर दोन पंखे असतात. एक बाहेरची हवा भट्टीत ढकलतो. तिथे ग्लो प्लग जाळीवर आलेलं डिझेल पेटवतो आणि धूर एक्झॉस्टच्या नळीनं बाहेर जातो. दुसरा पंखा गाडीतलीच हवा ॲल्युमिनियमच्या गरम खोलीवरून फिरवून परत गाडीत सोडतो. या दोन हवा एकमेकींना भेटता कामा नयेत. यंत्राच्या आत त्या भेटत नाहीत, भेटतात त्या फिटरच्या हाताखाली.

आमच्या फिटरनं एक्झॉस्टचा सांधा आणि मफलर, दोन्ही सीटखालच्या पेटीत ठेवले. कारण काय, तर "खाली चेसिसला भोक पाडायला ड्रिल पोहोचत नाही सर." या मफलरला पाणी निथळायला तळाशी बारीक भोक असतं आणि त्याचे जोडही हवाबंद नसतात. तो गाडीबाहेरच बसवायची वस्तू आहे. नळीचा प्रत्येक सांधा फरशीखाली हवा, क्लॅम्प घट्ट हवा, नळीला खाली उतार हवा, शेवट गाडीच्या कडेबाहेर आणि दार-खिडकीपासून लांब हवा. भट्टीच्या हवेची नळीसुद्धा खालूनच आली पाहिजे, पण एक्झॉस्टच्या तोंडाशेजारी नाही, नाहीतर स्वतःचाच धूर परत ओढते. आमच्याकडे यातलं एकच पाळलं होतं: क्लॅम्प घट्ट होता.

पुण्यात चालवून पाहिला तेव्हा वास नाही, धूर नाही. कारण 560 मीटर उंचीवर हा हीटर स्वच्छ जळतो आणि स्वच्छ जळणाऱ्या ज्योतीत कार्बन मोनॉक्साइड कमी असतो. गळती तेव्हाही होतीच, फक्त गळत होतं ते कमी विषारी होतं.

जिस्प्याला, साधारण 3,200 मीटरवर, सुरू करताना पांढरा धूर यायला लागला. सरचूला, जवळपास 4,300 मीटरवर, हवेची घनता पुण्याच्या दोन तृतीयांशच्या आसपास असते. पंखा तेवढीच हवा ढकलतो, पण तिच्यात ऑक्सिजन कमी. पंप मात्र डिझेल तेवढंच देतो. अर्धवट जळतं, काजळी धरते, आणि कार्बन मोनॉक्साइड झपाट्यानं वाढतो. खालच्या सांध्यातून तो आत. रात्री दोघांचं डोकं दुखू लागलं. आणि इथेच माणसं मरतात, कारण सरचूला डोकं दुखलं की सगळे म्हणतात "उंची लागली", गोळी घेऊन झोपतात. आम्हीही तेच म्हटलं. ₹2,300 चा कार्बन मोनॉक्साइड अलार्म ओरडला म्हणून हे लिहितोय. पडद्यावर 118 पीपीएम होतं. या वायूला वास नसतो, नाकावर विसंबू नका. अलार्म घेताना कॅम्परसाठीचं EN 50291-2 हे मानक छापलंय का बघा, आणि आपण झोपतो त्या उंचीला तो लावा. वाजला की आधी सगळे बाहेर, दारं सताड उघडी. हीटर बटणानंच बंद करा, बॅटरीची वायर उपटू नका. थंड व्हायला त्याला चार-पाच मिनिटं पंखा लागतो, एरवीही हीच शिस्त पाळा, नाहीतर आतली गरमी प्लास्टिकचा पंखा आणि सेन्सर खाते.

"पण तुम्ही तर किट घेतलं होतं!" घेतलं होतं, ₹6,000 चं. खऱ्या किटमध्ये हवेचा दाब मोजणारा सेन्सर असतो आणि तो कंट्रोलरला सांगून पंपाचे ठोके कमी करतो. म्हणजे त्याची वायर कंट्रोलरकडे जायलाच हवी. आमच्या काळ्या डबीला दोनच वायर होत्या, लाल आणि काळी, थेट 12 व्होल्टवर. उघडली तर आत एक हिरवा एलईडी, एक रेझिस्टर आणि भरपूर ग्लू. आम्ही तो हिरवा दिवा बघून निर्धास्त होतो!

त्या रात्रीनंतर तो हीटर पेटवला नाही. पांघरुणं घेऊन काढल्या रात्री. ज्यांच्या कंट्रोलरमध्ये ठोके बदलता येतात, त्यांनी सांधे बाहेर असतील तरच उंचीवर वरचा वेग त्याच प्रमाणात खाली आणावा, 5.5 चा साडेतीनच्या आसपास, पंखा तसाच ठेवून. खालचा वेग फार उतरवला तर ज्योत विझते. आणि लडाखच्या हिवाळ्यात साधं डिझेल नळीतच घट्ट होतं, तिथल्या पंपांवर 2019 पासून उणे 33 अंशांपर्यंत वाहणारं विंटर डिझेल मिळतं, ते भरा.

आता तक्रारीचं. विक्रेता आधी "सर, उंचीवर सगळ्यांचंच होतं" म्हणाला, मग "फिटिंग आमचं नाही", मग नंबर ब्लॉक. पोलीस ठाण्यात तासभर बसवून "ही दिवाणी बाब आहे". आम्ही म्हटलं, दिव्याची डबी सहा हजारांना सेन्सर म्हणून विकली, ही फसवणूक नाही? साहेब म्हणाले, "पावती अठरा हजारांची दिसतेय, छत्तीस कुठून आणले?" बरोबरच विचारलं म्हणा. परिवहन कार्यालयात तीन खिडक्या फिरलो. तिसऱ्या खिडकीवर विचारलं, "हीटर म्हणजे एसीच ना?" माणूस झोपेत मेला असता तरी खिडकी एसीचीच राहिली असती. एका हेल्पलाइनवर तक्रार नोंदली, अकरा दिवसांनी संदेश आला: "विक्रेत्याने उत्तर दिल्याने तक्रार बंद." काय उत्तर, ते आम्हाला नाही कळवलं. परत उघडायची सोय नाही, नवी नोंदवा म्हणे. नवी नोंदवली, तीही बंद.

शेवटी जिल्हा ग्राहक आयोगात गेलो. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, आपण राहतो त्या जिल्ह्यात दाखल करता येतं, मुदत दोन वर्षांची. सोबत काय जोडलं: पंपाच्या लेबलचा फोटो, सिरिंजनं मोजतानाचा व्हिडिओ, उघडलेल्या डबीचे फोटो, "8 किलोवॅट, 300 मिली" असं लिहिलेले त्याचे संदेश आणि यूपीआयचे पुरावे. फोनवरचं बोलणं नाही, लिहिलेलंच टिकतं. पुढची तारीख लागली आहे, विक्रेता पहिल्या तारखेला आला नव्हता. हीटर पुरावा म्हणून पिशवीत आहे आणि गाडीच्या फरशीला आता चेसिसपर्यंत नीट भोक आहे. साध्या ड्रिलनं वीस मिनिटांत पडलं.