बिलाबरोबरची चिठ्ठी: बँकेचा खर्च कोणाच्या माथी?

भाची डिचोलीला राहते आणि ॲनिमेशनची कामं घेते. अमेरिकेतल्या एका छोट्या स्टुडिओचं पहिलं काम तिने गेल्या महिन्यात संपवलं. बिल १,२०० डॉलरचं. बिलाबरोबर पाठवायच्या चिठ्ठीचे दोन मसुदे करून ती फोंड्याला माझ्याकडे आली. "मावशे, यातली कुठली धाडूं?" मी जुन्या पोर्तुगीज कागदपत्रांची भाषांतरं करते आणि लिस्बनकडून पैसे मागवते, म्हणून घरात मी या विषयातली जाणकार ठरले आहे.

दोन्ही मसुद्यांत खातं, बँक, चलन सगळं सारखं होतं. फरक फक्त एका ओळीचा. पहिल्यात लिहिलं होतं की बँकांचे सगळे खर्च पाठवणाऱ्याने भरावेत. दुसऱ्यात होतं की तुमच्या बँकेचा खर्च तुम्ही भरा, वाटेतला आणि इकडचा मी सोसते. बँकेच्या फॉर्मवर पहिल्याला OUR म्हणतात, दुसऱ्याला SHA. BEN हा तिसरा पर्यायही असतो. त्यात सगळा खर्च आपल्या रकमेतून कापला जातो. तो कोणी आपणहून मागत नाही, पण चिठ्ठीत काहीच लिहिलं नाही तर निवड ग्राहकाच्या हाती जाते, आणि त्याने स्वतःचे पैसे वाचवणारा पर्याय घेतला तर त्याला दोष कसा द्यायचा?

हा खर्च येतो कुठून, ते आधी पाहू. डॉलर तिकडच्या बँकेतून उठून थेट डिचोलीच्या शाखेत येत नाहीत. आपल्या बँकेचं अमेरिकेतल्या एखाद्या मोठ्या बँकेत डॉलरचं खातं असतं, त्याला नोस्ट्रो म्हणतात, आणि पैसे आधी तिथे जमा होतात. ग्राहकाची बँक, मधली बँक, आपली बँक अशा तीन हातांतून रक्कम जाते आणि प्रत्येक हाताला आपली दलाली हवी असते. OUR आणि SHA मधला वाद मुख्यतः मधल्या हाताच्या दलालीवरचा आहे.

आकडे घालून बघू. मधल्या बँकेने २० डॉलर कापले, बाजारभाव डॉलरला ८५ रुपये आहे, आपली बँक ८४.१५ रुपये देते, आणि परदेशी रक्कम जमा करण्याचे २०० रुपये व त्यावर १८ टक्के जीएसटी घेते असं धरते. खरे आकडे बँकेगणिक बदलतील.

SHA असेल तर १,१८० डॉलर पोहोचतात. त्यांचे ९९,२९७ रुपये होतात. चलन बदलण्यावरही जीएसटी लागतो. एक लाख रुपयांपर्यंत रकमेचा एक टक्का हे सेवेचं मूल्य धरतात आणि त्यावर १८ टक्के, म्हणजे इथे साधारण १७९ रुपये. जमा करण्याचे २३६ वजा केल्यावर हातात ९८,८८२ उरतात. OUR नीट पाळलं गेलं तर १,२०० डॉलर पूर्ण येतात आणि हाच हिशेब १,००,५६३ रुपयांवर थांबतो. फरक १,६८१ रुपयांचा. BEN असतं तर ग्राहकाच्या बँकेचे तीसेक डॉलरही यातूनच गेले असते.

भाचीने लगेच पहिला मसुदा उचलला. मी म्हटलं, थांब. याच हिशेबात आणखी एक आकडा लपलाय. बाजारभाव आणि बँकेचा भाव यांत ८५ पैशांचा फरक आहे, १,२०० डॉलरवर तो १,०२० रुपये होतो. हा कुठल्याही पावतीवर "खर्च" म्हणून दिसत नाही, म्हणून OUR लिहिलं तरी ग्राहकाच्या माथी जात नाही. २० डॉलरसाठी भांडायचं आणि दराबद्दल शाखेत विचारायचंही नाही, हे मी बरीच वर्षं केलंय. नियमित पैसे येणाऱ्या खातेदाराने मागितलं तर शाखा थोडा बरा दर मिळवून देऊ शकते, मात्र ते पैसे रुपयांत बदलण्याआधी विचारावं लागतं.

दराच्या याच कारणाने चिठ्ठीतली चलनाची ओळ मला खर्चाच्या ओळीइतकीच महत्त्वाची वाटते. काही बँका पाठवणाऱ्याला विचारतात, "भारतात रुपयांतच पाठवू का?" ग्राहकाला ते सोयीचं वाटतं आणि तो हो म्हणतो. मग बदल तिकडच्या बँकेच्या दराने होतो आणि आपल्याला घासाघीस करायला जागाच उरत नाही. शिवाय जीएसटीत सेवा निर्यात ठरायची तर मोबदला परकीय चलनात यावा लागतो, रुपये फक्त रिझर्व्ह बँकेने परवानगी दिलेल्या ठिकाणीच चालतात. म्हणून चिठ्ठीत स्पष्ट लिहावं की रक्कम डॉलरमध्येच पाठवा, रुपयांत बदलू नका. ग्राहक युरोपातला असेल तर बिलच युरोत करावं. माझ्या लिस्बनच्या वकिलांना मी सुरुवातीला डॉलरचं बिल द्यायचे, का कोण जाणे. त्यांची बँक युरोचे डॉलर करायची, माझी डॉलरचे रुपये, आणि दोन्हीकडे दराची कात्री लागायची.

आता मुख्य निवड. OUR कागदावर स्वच्छ दिसतं: बिल १,२०० चं, जमा १,२००. हिशेब बंद. पण त्यात दोन अडचणी आहेत. एक, ग्राहकाला तो जास्तीचा खर्च आधी सांगितलेला नसेल तर बिलाबरोबर तो अचानक समोर येतो. मोठ्या कंपनीच्या हिशेब खात्याला त्याचं काही वाटत नाही, चौघांच्या स्टुडिओला वाटतं. दुसरी अडचण जास्त बोचरी: ग्राहकाने मनापासून OUR द्यायचं ठरवलं तरी त्याच्या बँकेच्या ऑनलाइन फॉर्मवर तो पर्याय नसू शकतो, आणि असला तरी मधल्या एखाद्या बँकेने हात मारल्याचे प्रकार होतात. म्हणजे पहिला मसुदा पाठवूनही ११८० च आले तर ग्राहक म्हणणार, मी तर सगळं भरलं, आणि त्याचं खरंही असेल.

SHA मध्ये हा वाद निघत नाही, कारण कापणी होणार हे दोघांनी आधीच मान्य केलेलं असतं. फक्त ती कापणी कामाच्या दरात आधीच धरायला हवी. १,२०० हवे असतील तर १,२२५ सांगावेत. आमच्या बाजारात माप भरताना वर थोडं घालतात, तसंच. छोट्या, नव्या ग्राहकाला मी हेच सुचवते. भाचीचा भाव मात्र आधीच ठरला होता, काम संपल्यावर २५ डॉलर वाढवणं बरं दिसलं नसतं. तिच्यासाठी मी म्हटलं, या वेळी SHA ने पाठव आणि १,६८१ रुपये शिकवणी समज. पुढच्या कामाच्या अंदाजपत्रकातच वाढीव आकडा घाल.

लिस्बनसाठी मी उलट करते. रकमा मोठ्या, ग्राहक जुना, आणि कामाच्या करारातच OUR लिहिलेलं. युरोपच्या आतल्या व्यवहारांत SHA चा नियम आहे, पण पैसे युरोपाबाहेर जाताना OUR मागता येतं, आणि त्यांची बँक ते देते.

पैसे कमी आले तर कापले कोणी हे ओळखायची सोपी रीत आहे. आपल्या बँकेकडे तिला मिळालेल्या पेमेंट संदेशाची प्रत मागायची, जुन्या रूपात त्याला MT103 म्हणतात. त्यात अशा ओळी दिसतात:

```
:32A:250912USD1180,00
:33B:USD1200,00
:71A:SHA
:71F:USD20,00
```

३३बी म्हणजे ग्राहकाने पाठवायला सांगितलेली रक्कम, ३२ए म्हणजे पुढे सरकलेली रक्कम, ७१ए म्हणजे खर्च कोणाचा, ७१एफ म्हणजे वाटेत कापलेला. नव्या स्वरूपाच्या संदेशात OUR ऐवजी DEBT, SHA ऐवजी SHAR आणि BEN ऐवजी CRED असं लिहिलेलं सापडेल, अर्थ तोच. ३३बी मध्येच ११८० असेल तर बँकेवर रागावण्यात अर्थ नाही, ग्राहकानेच तेवढे पाठवलेत. ही प्रत बिलाला जोडून ठेवावी. बँकेच्या परदेशी जमेच्या दाखल्यावर कमी रक्कम दिसते आणि बिलावर पूर्ण, तेव्हा मधले २० डॉलर कुठे गेले ते दाखवायला ती लागते. भाचीची उलाढाल वर्षाला २० लाखांच्या आत आहे, म्हणून जीएसटी नोंदणीची घाई तिला नाही. पण ही सवय आतापासूनच लागलेली बरी.

खात्याच्या तपशिलात एक चूक मात्र दोन्ही मसुद्यांत होती. स्विफ्ट कोडच्या जागी तिने आयएफएससी टाकला होता. शाखेचा स्विफ्ट कोडही बहुधा अकराच अक्षरांचा असतो, त्यामुळे नजर फसते. ओळखायची खूण अशी: आयएफएससीत पाचवं अक्षर शून्य असतं, स्विफ्टमध्ये पाचवं-सहावं अक्षर मिळून IN होतं. परदेशातून पैसे यायला स्विफ्ट हवा. तिची शाखा छोटी आहे, तिला स्वतःचा स्विफ्ट कोड नाही, मग बँकेच्या ज्या शाखेमार्फत परकीय रकमा येतात तिचा कोड शाखेकडूनच विचारून घ्यायचा. ग्राहकाचा फॉर्म आयबॅन मागतो, तो भारतात नाही. चिठ्ठीत सरळ लिहावं की आयबॅन नाही, खाते क्रमांकच वापरा, नाहीतर तिकडचा कारकून रकाना रिकामा सोडून आठवडाभर गप्प बसतो. डॉलरसाठी मधल्या बँकेचं नाव आणि तिचा कोडही आपल्या बँकेकडून लेखी घेऊन द्यावा. इंटरनेटवर सापडलेला जुना कोड देऊ नये.

कामाचं वर्णन बिलात आणि चिठ्ठीत एकाच शब्दांत ठेवावं. पैसे आले की आपली बँक हेतू विचारते आणि P ने सुरू होणारा कोड मागते, तो आपण द्यायचा असतो, ग्राहकाने नाही. माझी एक रक्कम चवथीच्या दिवसांत आली. हेतू विचारणारा बँकेचा ईमेल मी मोदकांच्या धांदलीत पाहिलाच नाही, आणि पैसे आलेले असूनही खात्यात दिसेनात. मी लिस्बनला दोन रागीट पत्रं पाठवली, ती नंतर माघारी घ्यावी लागली.

भाचीने शेवटी दुसरा मसुदा ठेवला, स्विफ्ट दुरुस्त केला आणि "डॉलरमध्येच पाठवा" ही ओळ वर नेली. खर्चाच्या ओळीत एक वाक्य वाढवलं: वाटेत कापलेला खर्च वजा जाता आलेली रक्कम ही बिलाची पूर्ण फेड समजली जाईल. ते वाचून मी कपाळावर हात मारला, कारण यात ग्राहकाने BEN लावला तरी तिचं तोंड बंद. तेवढे शब्द बदलून आम्ही लिहिलं की तुमच्या बँकेचा खर्च वेगळा भरून तुम्ही १,२०० पूर्ण पाठवा, त्यापुढची कापणी माझी.